‘फारसे संशोधन झालेले नाही’ : कोयना-वारणेवरील प्रस्तावनांविषयी

विज्ञान प्रदर्शने आणि बालविज्ञान परिषदेचे प्रकल्प यांच्या निमित्ताने सातारा व सांगली या जिल्ह्यांतल्या शाळांच्या बऱ्याच वह्या माझ्या हातांखालून गेल्या. पाटण किंवा शिराळा तालुक्यातली शाळा असली, की भूकंपाचा विषय बहुधा असतोच. मुलांनी तो घरी अनुभवलेला असतो. भांडी वाजतात, भिंतीला तडा जातो, रात्री सगळे अंगणात येतात. प्रकल्पही मन लावून केलेला असतो. पण वहीचे पहिले पान उघडले, की एक वाक्य हमखास भेटते : ‘कोयना-वारणा परिसरातील भूकंपांवर अद्याप फारसे संशोधन झालेले नाही, म्हणून आम्ही हा विषय निवडला.’

हे वाक्य साफ चुकीचे आहे. धरणामुळे होणाऱ्या भूकंपांचा अभ्यास जगात जेथे सर्वांत जास्त झाला, अशा मोजक्या ठिकाणांत कोयनेचा समावेश होतो. कराडला आज केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा केवळ याच कामासाठी आहे. कोयनेजवळ गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोलीचे वेधछिद्र खोदून झाले आहे. असे असताना ‘संशोधन झालेले नाही’ हे वाक्य येते कुठून? मुलांचा त्यात दोष नाही. प्रस्तावनेत काही तरी उणीव दाखवायची असते, एवढेच त्यांना सांगितलेले असते. ती उणीव शोधायची कशी, हे कोणी सांगितलेले नसते. आपल्यापैकी जे एम.एड.चे प्रबंध किंवा कृतिसंशोधनाचे अहवाल लिहितात, त्यांचीही स्थिती याहून फार निराळी नसते. म्हणून या लेखात कोयना-वारणेचेच उदाहरण घेऊन प्रस्तावनेची तपासणी करू.

नरसाळ्याचा आकार

शोधनिबंधाच्या प्रस्तावनेचा आकार नरसाळ्यासारखा असतो. वर रुंद तोंड, खाली अरुंद नळी. सुरुवात व्यापक विषयाने होते, एकेका पायरीला कक्षा आवळत जाते आणि शेवटी एका नेमक्या प्रश्नावर येऊन थांबते. जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने निबंधांच्या प्रस्तावनांचे वाचन करून १९९० मध्ये या आकाराचे तीन टप्पे मांडले. आपल्या भाषेत सांगायचे तर पहिल्या टप्प्यात शिवार दाखवायचे, दुसऱ्यात त्या शिवारातला पडीक तुकडा दाखवायचा आणि तिसऱ्यात त्या तुकड्यावर आपण नांगर धरणार असल्याचे सांगायचे. पडीक तुकडा दाखवण्याचे स्वेल्सने चार मार्ग नोंदवले आहेत : आधीच्या मताला विरोध, उणीव दाखवणे, नवा प्रश्न विचारणे किंवा चालू परंपरा पुढे नेणे. म्हणजे ‘कोणी केले नाही’ हा चारांपैकी केवळ एक मार्ग आहे, आणि कोयनेच्या बाबतीत तो सर्वांत कुचकामी आहे.

मात्र आकार पाठ करून काम भागत नाही. नरसाळ्याच्या प्रत्येक थराला संदर्भांचा आधार लागतो आणि प्रत्येक थरातला संदर्भ वेगळे काम करतो. वरच्या थरात एखादा चांगला आढावा पुरतो, कारण तेथे सर्वमान्य गोष्ट सांगायची असते. मधल्या थरात मूळ कल्पना ज्याने प्रथम मांडली त्याचे नाव हवे. खालच्या थरात एकेका अभ्यासाने काय पाहिले आणि ते कोणत्या मर्यादेत पाहिले, हे सुटे सुटे सांगावे लागते. वाचक वरून खाली उतरतो तसा संदर्भांचा घोळका विरळ होत जातो आणि प्रत्येक संदर्भाला मिळणारी जागा वाढत जाते. हे प्रमाण उलटे झाले, की प्रस्तावना फसली असे समजावे.

पहिला थर : जग

कोयना-वारणेवरच्या पुष्कळ छापील निबंधांची सुरुवात आता जवळजवळ ठरून गेली आहे. जलाशयांमुळे भूकंप झाल्याची जगात शंभराहून अधिक ठिकाणे ज्ञात आहेत. त्यांपैकी चार ठिकाणी भूकंपाची प्रत ६ च्या पुढे गेली : चीनमधील सिनफेंगच्यांग (१९६२), आफ्रिकेतील करिबा (१९६३), ग्रीसमधील क्रेमास्ता (१९६६) आणि कोयना (१९६७). यात चूक काही नाही. पण या सुरुवातीत दोन गोष्टी निसटतात.

पहिली, ठिकाणांचा आकडा वर्षाबरोबर बदलतो. हर्ष गुप्ता यांच्या २००२ च्या आढाव्यात तो नव्वदहून अधिक आहे, नंतरच्या लेखनात १२० च्या पुढे गेला आहे. त्यामुळे आकड्याशेजारी त्याचे वर्ष नसेल तर तो आकडा निरुपयोगी ठरतो. शाळेच्या वहीत तर आकडा एका पुस्तकातून आणि वर्ष दुसऱ्याच पुस्तकातून आलेले मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. भूकंप झालेली ठिकाणे मोजली जातात, न झालेली मोजली जात नाहीत. मोठी धरणे जगात पन्नास हजारांहून अधिक आहेत. भारतात सर्वाधिक मोठी धरणे महाराष्ट्रात आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांजवळ असे काही घडलेले नाही. हा छेद पहिल्या थरात नसेल, तर ‘धरण बांधले की भूकंप होतो’ असा समज घेऊन वाचक पुढे जातो आणि खालच्या सगळ्या थरांवर त्या समजाची सावली पडते. छेद दिला, की प्रश्न आपोआप अरुंद होतो : इतक्या धरणांजवळ काही होत नाही, मग येथेच का? नरसाळे असे आपल्या तर्कानेच आवळत गेले पाहिजे. केवळ ‘जगात’, मग ‘भारतात’, मग ‘महाराष्ट्रात’ अशी नकाशावरची पायउतार म्हणजे नरसाळे नव्हे.

दुसरा थर : कारण

सर्वांत जास्त चुका या थरात होतात, कारण येथे जुने आणि नवे स्पष्टीकरण एकमेकांत मिसळते. अमेरिकेतील हूवर धरणामागे मीड सरोवर १९३५ पासून भरू लागले आणि पुढल्याच वर्षी तेथे धक्के जाणवू लागले. डीन कार्डर यांनी १९४५ मध्ये त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांचा भर पाण्याच्या भारावर होता : एवढ्या वजनाने जुन्या प्रस्तरभंगांवर हालचाल झाली असावी.

दुसरे स्पष्टीकरण वेगळ्या वाटेने आले. खडकाच्या भेगांतल्या पाण्याचा दाब वाढला, की भेगेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींवर दाबून धरणारे परिणामी बल घटते आणि त्या सहज सरकतात, हे हबर्ट आणि रुबी यांनी १९५९ मध्ये दाखवले. त्यांचा विषय धरण नव्हता, पर्वतांतले प्रचंड खडक एकमेकांवर कसे सरकत गेले हा होता. मग अमेरिकेतच डेन्व्हरजवळ १९६२ च्या मार्चपासून सुमारे ३,६७१ मीटर खोल विहिरीत सांडपाणी दाबून भरू लागले आणि त्या भागात भूकंप सुरू झाले. डेव्हिड एव्हान्स यांनी १९६६ मध्ये महिन्याला किती पाणी भरले आणि महिन्याला किती भूकंप झाले, यांचे आलेख शेजारी शेजारी ठेवले. पाणी भरणे १९६६ च्या फेब्रुवारीत थांबले, तरी मोठे धक्के १९६७ मध्ये बसले. नुसत्या भाराने हा उशीर समजत नाही. दाब खडकातून हळूहळू पसरत जातो असे मानले, तर समजतो.

आता वहीतले एक वाक्य पाहा : ‘पाणी भेगांत शिरल्याने भूकंप होतात, असे कार्डर यांनी सिद्ध केले.’ कार्डरचे नाव खरे आहे, वर्ष खरे आहे, पण त्यांच्या तोंडी दुसऱ्याचे म्हणणे घातले आहे. लिहिणाऱ्याने मूळ निबंध पाहिलेला नाही. कोणाच्या तरी प्रस्तावनेतल्या कंसात चार नावे एकत्र होती, त्यांतले पहिले त्याने उचलले. एका वाक्याच्या शेवटी पाच-सहा नावांचा झुबका लटकवण्याची सवय छापील निबंधांतही आहे आणि तिचा परिणाम असा होतो. झुबक्यातून कोण काय म्हणाले ते कळत नाही आणि पुढचा लेखक तो तसाच उचलतो. ही चूक ओळखण्याची सोपी खूण आहे. संदर्भाचे वर्ष पाहावे आणि ती कल्पना तेव्हा त्या संदर्भात होती का, असे विचारावे. कंसातल्या प्रत्येक नावासाठी ‘यांनी अमुक मोजले आणि तमुक म्हटले’ असे एक वाक्य आपल्याला वेगळे लिहिता येत नसेल, तर ते नाव काढून टाकावे.

याच थरात शब्दाचाही प्रश्न आहे. मॅक्गार आणि सिम्पसन यांनी १९९७ मध्ये सुचवले, की ताणाचा मोठा हिस्सा माणसाच्या कृतीतून आला असेल तेथे एक शब्द वापरावा आणि ताण निसर्गाने आधीच साठवलेला असून माणसाने केवळ खटका ओढला असेल तेथे दुसरा. आपण त्यांना ‘प्रेरित’ आणि ‘उद्दीपित’ म्हणू. कोयनेचे भूकंप दुसऱ्या प्रकारात धरले जातात. ‘धरणाने भूकंप निर्माण केला’ आणि ‘होऊ घातलेला भूकंप धरणाने अलीकडे आणला’ यांत पाटणच्या माणसासाठी मोठा फरक आहे. प्रस्तावनेत एकदा एक शब्द घेतला, की शेवटपर्यंत तोच ठेवावा.

तिसरा थर : कोयना

शिवाजीसागर १९६२ पासून भरू लागला. थोड्याच काळात धक्के जाणवू लागले, म्हणून भूकंपमापक बसवण्यात आले. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ प्रतीचा भूकंप झाला आणि सुमारे दोनशे माणसे मेली. दुसऱ्याच वर्षी हरि नारायण आणि हर्ष गुप्ता यांनी ‘नेचर’मध्ये त्यावर लिहिले. १९७६ मध्ये गुप्ता आणि रस्तोगी यांचे धरणे व भूकंप या विषयावरचे पुस्तक आले.

या थरात कच्चे दुवेही दाखवायला हवेत. धरणापूर्वी कोयनेत यंत्र नव्हते. जवळची वेधशाळा पुण्याची, शंभराहून अधिक किलोमीटर दूर. त्यामुळे ‘धरणापूर्वी येथे लहान धक्के होतच नव्हते’ असे यंत्राच्या आधारे म्हणता येत नाही. ‘मोठे धक्के नोंदले गेले नव्हते’ एवढेच म्हणता येते. बहुतेक वह्या पहिले वाक्य लिहितात. खरे तर कोयनेच्या साहित्यातली ही अस्सल उणीव आहे, पण ती आता कोणालाही भरून काढता येणार नाही. अशी उणीव प्रस्तावनेत मर्यादा म्हणून सांगावी, आपला प्रश्न म्हणून नव्हे.

भरून काढता येईल अशी जागा पुढच्या मतभेदात सापडते. गुप्ता यांनी १९८३ मध्ये दाखवले, की कोयनेला ५ आणि त्याहून मोठे भूकंप होण्यापूर्वी जलाशयाची पातळी आठवड्याला सुमारे १२ मीटरपेक्षा अधिक वेगाने वाढलेली होती. ही अट आवश्यक असावी, पुरेशी नव्हे. तलवानी यांनी १९९५ मध्ये लक्ष वेधले ते वेगळ्याच गोष्टीकडे : पातळी पूर्वीच्या सर्वोच्च पातळीच्या वर गेली, की मोठे भूकंप होतात. एकाने वेग पाहिला, दुसऱ्याने उंची. दोघांनी पाहिलेल्या घटना मात्र त्याच, आणि संख्येने थोड्या. हे दोन संदर्भ एका कंसात कोंबले, तर सगळा रस निघून जातो. दोन वाक्यांत समोरासमोर ठेवले, की वाचक स्वतःच विचारतो, ‘मग खरे काय?’ उणीव दाखवण्याची खरी रीत ही आहे. उणीव लेखकाने जाहीर करायची नसते. आधीच्या दोन वाक्यांतून ती दिसली पाहिजे.

चौथा थर : वारणा

शिराळा तालुक्यात चांदोलीजवळ वारणेचे धरण आहे, कोयनेच्या दक्षिणेला सुमारे २५ ते ३५ किलोमीटरवर. ते १९८५ पासून भरू लागले आणि १९९३-९४ मध्ये त्याच्या परिसरात ५ च्या पुढचे भूकंप झाले. शिराळ्याच्या एका शिक्षकांनी मला आपल्या प्रकल्पाचा दुसरा मसुदा दाखवला होता. त्यात ‘फारसे संशोधन नाही’ हे वाक्य गेले होते, पण त्याच्या जागी आले होते, ‘वारणेचा स्वतंत्र अभ्यास कोणी केलेला नाही.’ रस्तोगी आणि सहकाऱ्यांचा १९९७ चा निबंध वारणेवरच आहे आणि १९९५ पर्यंतच्या भूकंपांचा तो अभ्यास असल्याचे त्याचे शीर्षकच सांगते. उणीव लिहिण्यापूर्वी त्याच ठिकाणाच्या नावाने एकदा शोध घ्यायचा, हा साधा नियम येथे मोडला होता. त्या निबंधाच्या शीर्षकातली कालमर्यादा मात्र आयतीच उपयोगी पडते : तेथपर्यंत पाहिले गेले, त्यापुढे काय?

आम्ही दोघांनी बसून तिसरा मसुदा केला. तो थोडक्यात असा :

‘मोठ्या जलाशयांजवळ उद्दीपित भूकंप झाल्याची शंभराहून अधिक ठिकाणे नोंदली गेली आहेत, जगातील मोठ्या धरणांच्या संख्येत हे प्रमाण अल्प आहे. या भूकंपांचे कारण प्रथम पाण्याच्या भारात शोधले गेले (कार्डर, १९४५). भेगांतील पाण्याच्या दाबाचे महत्त्व हबर्ट व रुबी (१९५९) यांनी दाखवले आणि डेन्व्हर येथील अनुभवाने (एव्हान्स, १९६६) त्याला बळ मिळाले. कोयनेच्या बाबतीत गुप्ता (१९८३) यांनी पातळी वाढण्याच्या वेगाला महत्त्व दिले, तर तलवानी (१९९५) यांनी पूर्वीची सर्वोच्च पातळी ओलांडली जाण्याला. दोन्ही निष्कर्ष ५ आणि त्याहून मोठ्या भूकंपांवर आधारलेले आहेत. वारणेच्या १९९५ पर्यंतच्या भूकंपांचा अभ्यास रस्तोगी व सहकारी (१९९७) यांनी केला. आमच्या परिसरात वारंवार जाणवतात ते याहून लहान धक्के. वरील दोन निकषांपैकी कोणता त्यांना अधिक लागू पडतो, हे वरील अभ्यासांवरून ठरवता येत नाही. आम्ही १९९५ नंतरच्या दहा वर्षांतील ३ ते ५ प्रतीच्या भूकंपांच्या तारखा वारणेच्या साप्ताहिक पातळीशी ताडून पाहिल्या.’

यात दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. ‘कोणी केले नाही’ असे कोठेही म्हटलेले नाही. ‘वरील अभ्यासांवरून ठरवता येत नाही’ असे म्हटले आहे. हे विधान तपासता येते आणि ते लेखकाच्या वाचनाएवढेच मोठे आहे. १९९५ नंतरही या भागावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्यात लहान धक्क्यांविषयीचा एखादा निबंध पुढे सापडला, तर तो चौथ्या थरात येईल आणि प्रश्न आणखी अरुंद करावा लागेल. त्यात कमीपणा काही नाही. दुसरे असे, की शेवटचे वाक्य वरच्या प्रश्नाला अडकवलेले आहे. प्रश्न पातळीचा आहे म्हणून मोजमापही पातळीचे आहे. कित्येक वह्यांत उणीव पाण्याच्या दाबाची दाखवलेली असते आणि काम मात्र पडलेल्या भिंतींच्या सर्वेक्षणाचे असते. सर्वेक्षण चांगले असेल, पण मग नरसाळे घरांच्या बांधणीचे हवे होते.

या मसुद्यातही एक दुबळी जागा राहिली होती आणि ती आमच्या उशिरा लक्षात आली. कोयना आणि वारणा हे दोन्ही जलाशय एकाच पावसाळ्यात भरतात. ऑगस्टात धक्के वाढले, तर ते कोणाच्या पाण्याने? केवळ वारणेची पातळी घेऊन हे सांगता येत नाही. म्हणून शेवटी आणखी एक वाक्य घातले : ‘कोयना जलाशयाचा परिणाम या अभ्यासात वेगळा काढलेला नाही.’ शिक्षकांना वाटले, यामुळे प्रकल्पाचे वजन कमी होईल. परीक्षकांनी मात्र पहिला प्रश्न नेमका यावरच विचारला आणि मुलांकडे त्याचे उत्तर तयार होते.

आणखी एक अनुभव सांगण्यासारखा आहे. हा मसुदा वरून खाली लिहिला गेला नाही. आधी शेवटचे वाक्य लिहिले. मग त्या वाक्यातला प्रश्न कळण्यासाठी वाचकाला लगेच आधी काय ठाऊक असायला हवे, ते विचारले. त्यातून वारणा आणि कोयनेचे दोन नियम आले. ते कळण्यासाठी काय हवे, म्हणून भार आणि दाब. त्याच्याही वर जग. वर चढताना ज्या संदर्भाची गरज पडली नाही, तो गळाला. पहिल्या मसुद्यात सात ओळींत असलेली पृथ्वीच्या अंतरंगाची माहिती आणि भूखंडांच्या सरकण्याचा इतिहास असाच गळाला. माहिती खरी होती, पण ती या प्रश्नाकडे नेत नव्हती.